पुन्हा येणारी अक्षरं आणि ठरलेल्या जागा: शब्दांच्या मांडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीचं परम्युटेशन असो की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून केलेली स्पर्धा परीक्षेची तयारी, एका प्रकारचं गणित हमखास अडतं. शब्दात काही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि त्यातच "अमुक अक्षर अमुक जागी हवं" अशी अट घातलेली असते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आल्या तर बहुतेकांना जमतात. एकत्र आल्या की भागाकार कुठे करायचा आणि गुणाकार कुठे, याचा गोंधळ सुरू होतो. खालची उत्तरं फक्त त्या गोंधळाबद्दल आहेत. उदाहरणांसाठी मुख्यतः तीनच शब्द घेतले आहेत, `SATARA`, `SADASHIV` आणि `MAHARASHTRA`. एकाच शब्दावर अट बदलत गेलं की उत्तर का बदलतं ते नीट दिसतं.

अक्षर पुन्हा आलं की फॅक्टोरियलने भागायचं, हे कशासाठी?

`SATARA` मध्ये 6 अक्षरं आहेत, त्यातले 3 A. तिन्ही A ना वेगवेगळ्या रंगांत लिहिलं तर मांडण्या 6! म्हणजे 720 होतील. आता यातली कोणतीही एक मांडणी घ्या आणि फक्त A आपसांत बदला. तिन्ही A आपसांत 3! म्हणजे 6 प्रकारे बसतात, पण रंग पुसले की हे सहाही शब्द एकच दिसतात. म्हणजे प्रत्येक शब्द 6 वेळा मोजला गेला आहे. म्हणून 720 ÷ 6 = 120.

यातली एक गोष्ट पक्की धरून ठेवा, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. भागाकार कशाचा? तर ज्या सारख्या अक्षरांना अजून आपसांत जागा बदलता येतात त्यांचा. एखादा A आधीच एका जागी बसवून टाकला असेल तर तो या हिशोबातून बाहेर गेला.

गणिताला हात घालताना पहिली पायरी कोणती?

अक्षरांची यादी. मनात नाही, कागदावर. `MAHARASHTRA` ची यादी अशी होते: M 1, A 4, H 2, R 2, S 1, T 1. बेरीज 11. शब्द बोटाने मोजून पाहा, तोही 11 अक्षरांचा आहे. या दोन संख्या जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या शब्दात सगळ्यात जास्त सुटतो तो दुसरा H. "राष्ट्र" म्हणताना `SH` चा उच्चार एकच होतो, त्यामुळे डोळा H वरून पुढे सरकतो आणि यादीत H 1 लिहिला जातो. बेरीज 10 येते तेव्हा चूक लगेच पकडता येते, पण बेरीज केली तरच.

अट नसताना एकूण मांडण्या: 11! ÷ (4! × 2! × 2!) = 39916800 ÷ 96 = 415800. ही संख्या समासात लिहून ठेवा. पुढचं कोणतंही उत्तर हिच्यापेक्षा मोठं आलं तर ते चूकच आहे, मग पर्यायांत ते छापलेलं असलं तरी.

शब्दाची सुरुवात A ने व्हायला हवी. A चार आहेत, मग 4 ने गुणायचं की नाही?

नाही गुणायचं. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

पहिल्या जागी A बसवा. उरल्या 10 जागा आणि 10 अक्षरं. आता यादी नव्याने लिहा: A 3, H 2, R 2, M 1, S 1, T 1. मांडण्या 10! ÷ (3! × 2! × 2!) = 3628800 ÷ 24 = 151200. हेच उत्तर.

4 ने गुणावंसं वाटतं, कारण "पहिल्या जागी कोणता A बसवायचा याचे 4 पर्याय आहेत" हा विचार डोक्यात असतो. अक्षरं सगळी वेगवेगळी असती तर तो विचार बरोबर होता. इथे मात्र कोणताही A बसवला तरी दिसणारा शब्द तोच राहतो. गुणलंत तर 604800 येतं, आणि ते समासातल्या 415800 पेक्षा मोठं आहे. A ने सुरू होणारे शब्द एकूण शब्दांपेक्षा जास्त कसे असतील?

दुसरी चूक जास्त फसवी आहे. A बसवल्यावरही छेदात जुनं 4! तसंच ठेवलं जातं. मग 10! ÷ (4! × 2! × 2!) = 37800 येतं. ही संख्या एकूणापेक्षा लहान असल्यामुळे संशय येत नाही, आणि पर्यायांत ती बहुतेक वेळा असतेच. तिला पकडायचा एकच उपाय: जागा भरली की यादी पुन्हा लिहायची.

आलेलं उत्तर झटकन तपासता येतं का?

एका ठरावीक जागी एक ठरावीक अक्षर हवं असेल तर येतं. 11 अक्षरांत A चार आहेत आणि कोणत्याही एका जागेला कसलाही वेगळा मान नाही. म्हणून सगळ्या मांडण्यांपैकी 4/11 मांडण्यांत पहिल्या जागी A असतो. 415800 × 4 ÷ 11 = 151200. जुळलं.

याच रीतीने H ने सुरू होणाऱ्या मांडण्या 2/11 म्हणजे 75600, R च्याही तितक्याच, आणि M, S, T यांच्या प्रत्येकी 37800. सगळं मिळवा: 151200 + 75600 + 75600 + 37800 + 37800 + 37800 = 415800. वर ज्या 37800 ने फसवलं होतं ती संख्या खरं तर M ने सुरू होणाऱ्या शब्दांची आहे, हेही इथे दिसतं. M बसवला की चारही A मागे राहतात, त्यामुळे तिथे 4! योग्यच आहे.

"पहिल्या जागी" ऐवजी "पाचव्या जागी" म्हटलं तरी उत्तर बदलत नाही.

पहिलं आणि शेवटचं, दोन्ही अक्षरं ठरलेली असतील तर?

दोन्ही बसवा, यादी पुन्हा लिहा, उरलेल्यांची मांडणी करा. M ने सुरुवात आणि A ने शेवट हवा असेल तर उरतात 9 अक्षरं: A 3, H 2, R 2, S, T. म्हणजे 9! ÷ (3! × 2! × 2!) = 15120.

"पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखंच हवं" असं विचारलं तर प्रकार वेगवेगळे करावे लागतात, कारण कोणतं अक्षर टोकांना गेलं यावर मागची यादी बदलते. दोन्ही टोकांना A: मागे A 2, H 2, R 2, म्हणून 9! ÷ (2! × 2! × 2!) = 45360. दोन्ही टोकांना H: मागे A 4, R 2 आणि H एकही नाही, म्हणून 9! ÷ (4! × 2!) = 7560. R चंही तसंच, 7560. M, S, T एकेकच आहेत, ते दोन्ही टोकांना जाऊच शकत नाहीत. बेरीज 60480.

"स्वर फक्त सम जागांवर हवेत" हे कसं सोडवायचं?

तीन पायऱ्या, आणि क्रम हाच: आधी जागा निवडायच्या, मग त्या जागांवर स्वर मांडायचे, मग उरलेल्या जागांवर व्यंजनं मांडायची. तिन्हींचा गुणाकार.

`SADASHIV` घेऊ. 8 अक्षरं: S 2, A 2, D, H, I, V. स्वर तीन: A, A, I. व्यंजनं पाच: S, S, D, H, V. एकूण मांडण्या 8! ÷ (2! × 2!) = 10080.

सम जागा 2, 4, 6, 8 म्हणजे चार, आणि स्वर तीनच. चारांतल्या कोणत्या तीन जागा घ्यायच्या याचे 4 मार्ग. त्या तीन जागांवर A, A, I मांडायचे मार्ग 3! ÷ 2! = 3. उरलेल्या पाच जागांवर (चार विषम आणि एक मोकळी राहिलेली सम) व्यंजनांचे मार्ग 5! ÷ 2! = 60. उत्तर 4 × 3 × 60 = 720.

इथे गाडी हमखास दोन ठिकाणी घसरते. पहिलं, जागांची निवड विसरली जाते आणि उत्तर 180 येतं. स्वर आणि सम जागा सारख्याच संख्येने असत्या तर ते चाललं असतं, पण इथे एक जागा जास्त आहे. दुसरं, 4 जागांवर 3 स्वर मांडायचे म्हणून सरळ 4 × 3 × 2 = 24 घेतलं जातं आणि दोन A सारखे आहेत हे राहून जातं. 24 घेणं ही चूक नाही, पण मग त्याला 2! ने भागलंच पाहिजे. भागलं की पुन्हा 12 च येतात, म्हणजे आपले 4 × 3.

हाच प्रश्न `MAHARASHTRA` वर सोपा होतो. चारही स्वर A आहेत, त्यामुळे स्वरांची मांडणी 1 च. सम जागा 5, त्यांतल्या 4 निवडायच्या: 5 मार्ग. व्यंजनं M, H, H, R, R, S, T: 7! ÷ (2! × 2!) = 1260. उत्तर 5 × 1260 = 6300. विषम जागा मात्र 6 आहेत, म्हणून "स्वर विषम जागांवर" विचारलं तर 15 × 1260 = 18900. शब्दाची लांबी विषम असली की विषम जागा एकाने जास्त असतात. घाईत दोन्ही संख्या सारख्याच धरल्या जातात, म्हणून जागांचे क्रमांक एकदा लिहूनच काढावेत.

"स्वरांच्या जागा बदलायच्या नाहीत" आणि "स्वरांचा क्रम बदलायचा नाही" यांत फरक आहे का?

मोठा फरक आहे, आणि बरेच मार्क याच वाक्यावर जातात. `SADASHIV` वरच पाहू. मूळ शब्दात स्वर 2, 4 आणि 7 या जागांवर आहेत.

"स्वरांच्या जागी स्वरच आणि व्यंजनांच्या जागी व्यंजनंच यावीत" असं म्हटलं असेल तर स्वर 2, 4, 7 या जागांवर आपसांत बदलू शकतात: 3 मार्ग. व्यंजनं आपल्या पाच जागांवर आपसांत: 60 मार्ग. उत्तर 180.

"प्रत्येक स्वर आपल्याच जागी राहावा" असं असेल तर स्वर हलतच नाहीत. फक्त व्यंजनं हलतात: 60.

"स्वरांचा आपसांतला क्रम तोच राहावा" ही तिसरीच गोष्ट. इथे स्वरांनी कुठल्याही जागा घेतल्या तरी चालतात, अट इतकीच की डावीकडून वाचताना ते A, A, I असेच यावेत. म्हणजे I दोन्ही A च्या नंतर. एकूण 10080 मांडण्यांत स्वरांचे तीनच क्रम दिसू शकतात: A A I, A I A, I A A. प्रत्येक क्रम सारख्याच वेळा येतो. म्हणून 10080 ÷ 3 = 3360.

या शेवटच्या प्रकारात 3! म्हणजे 6 ने भागून 1680 काढणारे खूप असतात. "तीन अक्षरांचा क्रम ठरला म्हणजे 3! ने भागा" हा नियम तीनही अक्षरं वेगळी असतील तेव्हाचा आहे. इथे दोन A चा 2! आपण 10080 काढतानाच भागून टाकला होता. पुन्हा 6 ने भागलं की तोच 2! दोनदा भागला जातो. ताळा हवा असेल तर दुसऱ्या वाटेने या: 8 पैकी 3 जागा स्वरांसाठी निवडायचे 56 मार्ग, त्यांवर स्वर ठरलेल्या क्रमाने बसणार म्हणून 1, व्यंजनं 60. 56 × 60 = 3360.

प्रश्नात "आणखी किती" किंवा "इतर किती" असे शब्द असतील तर दिलेला मूळ शब्द वजा करायचा. मग 180 चं 179 होतं. पर्यायांत 179 आणि 180 दोन्ही दिसले तर प्रश्न पुन्हा वाचा.

एखादं अक्षर टोकाला नको असेल तर?

`MAHARASHTRA` मध्ये H पहिल्या जागीही नको आणि शेवटच्या जागीही नको, असं समजा. वजाबाकीने करता येतं: पहिल्या जागी H असलेल्या 75600, शेवटच्या जागी H असलेल्या 75600, पण दोन्ही टोकांना H असलेल्या 7560 या दोन्हींत मोजल्या गेल्या, म्हणून त्या एकदा परत मिळवायच्या. 415800 − 75600 − 75600 + 7560 = 272160. ते परत मिळवणं विसरलं की 264600 येतं.

आम्ही मात्र अशा वेळी थेट जागा निवडणंच सुचवू. दोन H साठी मधल्या 9 जागांतून 2 निवडा: 36. उरलेली 9 अक्षरं A 4, R 2, M, S, T: 9! ÷ (4! × 2!) = 7560. गुणाकार 36 × 7560 = 272160. अट एकाच अक्षराबद्दल असेल तर त्या अक्षराला सर्वांत आधी बसवून मोकळं व्हावं. वजाबाकीत विसरायला जागा जास्त असतात.

"सगळे A एकत्र" आणि "दोन A शेजारी नकोत" हेही याच प्रकारात येतं का?

नाही, तिथे जागा ठरलेली नसते, फक्त शेजार ठरलेला असतो. थोडक्यात: चारही A एकत्र हवे असतील तर त्यांचा एक गठ्ठा धरा, 8 वस्तू होतात, 8! ÷ (2! × 2!) = 10080. गठ्ठ्याच्या आत पुन्हा 4! ने गुणू नका, A सारखेच आहेत. दोन A शेजारी नको असतील तर 7 व्यंजनं मांडा (1260) आणि त्यांच्या मधल्या व टोकांच्या मिळून 8 फटींतून 4 निवडा (70). उत्तर 88200. "सम जागांवर स्वर" आणि "शेजारी नकोत" या दोन अटी एकच समजू नका. पहिलीचं उत्तर इथे 6300 आलं होतं.

शब्दकोशातला क्रमांक काढायचा असेल तर?

ते म्हणजे एकेक जागा ठरवत जाणंच आहे. `SATARA` ची अक्षरं वर्णानुक्रमे मांडली तर A, A, A, R, S, T.

- A ने सुरू होणारे: मागे A 2, R, S, T, म्हणून 5! ÷ 2! = 60.
- R ने सुरू होणारे: मागे A 3, S, T, म्हणून 5! ÷ 3! = 20.
- S नंतर A बसला. A च्या आधीचं अक्षर नाही, म्हणून इथे काही मोजायचं नाही. मागे A 2, R, T.
- `SAA` ने सुरू होणारे: मागे A, R, T, म्हणून 6.
- `SAR` ने सुरू होणारे: मागे A 2, T, म्हणून 3.
- `SAT` नंतर A बसला, मागे A आणि R. `SATAA` ने सुरू होणारा 1.

बेरीज 60 + 20 + 6 + 3 + 1 = 90 शब्द आधी येतात, म्हणून `SATARA` चा क्रमांक 91. छेद प्रत्येक पायरीला बदलला आहे, ते पाहा: A पुढे गेला तर 2!, R पुढे गेला तर 3!. चूक होते ती इथेच. आणि शेवटचा 1 मिळवायला विसरू नका.

शब्द मराठी असेल तर एक अक्षर कशाला धरायचं?

मात्रेसकट पूर्ण अक्षर एक धरायचं, कारण सुटी मात्रा एकटी उभी राहू शकत नाही. "बाबासाहेब" मध्ये बा, बा, सा, हे, ब अशी 5 अक्षरं आहेत. बा दोनदा आहे, पण ब वेगळं. मांडण्या 5! ÷ 2! = 60. तिन्ही ब सारखे धरले की 20 येतं, ते चूक. "ब शेवटच्या जागी" अशी अट घातली तर उरलेल्या चारांच्या 4! ÷ 2! = 12 मांडण्या होतात. "स्वर सम जागी" असले प्रश्न मराठी शब्दांवर सहसा बसत नाहीत, कारण स्वर बहुतेक वेळा व्यंजनातच मिसळलेला असतो.

संगणकावर उत्तर पडताळता येईल का?

आठ अक्षरांपर्यंत अगदी सहज. `SADASHIV` साठी पायथनमध्ये इतकं पुरेसं आहे:

```python
from itertools import permutations
s = set(permutations("SADASHIV"))
print(len(s))
print(sum(all(i % 2 == 1 for i, c in enumerate(w) if c in "AI") for w in s))
```

पहिली ओळ 10080 छापते, दुसरी 720. `set` मुळे सारखे शब्द एकदाच मोजले जातात, म्हणजे आपला भागाकार ते करतं. पायथन जागा 0 पासून मोजतं, म्हणून आपली सम जागा तिथे विषम होते आणि अटीत `== 1` लिहावं लागतं. तिथे `== 0` लिहिलं तरी या शब्दाला 720 च येतात, कारण 8 अक्षरांत सम आणि विषम जागा चार-चारच आहेत. त्यामुळे अट बरोबर लिहिली आहे की नाही हे पाहायला 7 अक्षरांचा शब्द घ्या. `MAHARASHTRA` मात्र असा चालवू नका. 11! म्हणजे जवळजवळ 4 कोटी मांडण्या एकेक करून तपासत बसावं लागतं आणि खूप वेळ जातो.